दक्षिण यात्रेचं मराठी पत्रक: एका टूरचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली-मिरज भागातला एक छोटा टूरवाला दरवर्षी हिवाळ्यात ज्येष्ठ नागरिकांना घेऊन दक्षिण यात्रा काढतो. मदुराईपर्यंत रेल्वे आणि तिथून पुढे रामेश्वर, कन्याकुमारी, सुचींद्रम, तिरुअनंतपुरम असं सगळं बसने. बस, हॉटेलं आणि देवळाचे पास बघतो तो मदुराईचा एक एजंट, आणि तोच कार्यक्रमाचं पत्रक पाठवतो, अर्थातच इंग्रजीत. हे पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं, मी एरवी बँकेची माहितीपत्रकं आणि औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं असलं भाषांतर करते.

ग्रुप तीसेक जणांचा. बहुतेक सगळे पासष्टच्या पुढचे, दोन-तीन आजी ऐंशीला टेकलेल्या. काहींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काहींचं व्हायचं बाकी. शिकलेले भरपूर होते, त्यात निवृत्त तलाठी होते, शाळेतल्या बाई होत्या, पण इंग्रजी पत्रक बघून "हे तुम्हीच सांगा काय ते" म्हणणारे जास्त. आणि काही आज्या अशा की मराठी वाचता येतं पण वाचत नाहीत, शेजारची वाचून दाखवते ते ऐकतात. ही गोष्ट मला टूरवाल्याने बोलता बोलता सांगितली आणि पुढे सगळं त्या गोष्टीवरूनच ठरलं.

अडचण

आदल्या वर्षीचं एक मराठी पत्रक होतं, डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं. ते मुद्दाम मागवून घेतलं कारण लोक कुठे अडकले ते त्यातून कळतं. व्याकरण बरं होतं, चुकीचा असा शब्द फारसा नव्हता, तरी त्या पत्रकामुळे टूरवर गोंधळ झाला होता. सगळ्यात मोठा गोंधळ या ओळीचा:

"दिवस ३, मंगळवार, रात्री १२.३० वा. मदुराईहून प्रस्थान."

मूळ इंग्रजीत मंगळवार, शून्य शून्य तीस असं होतं. म्हणजे सोमवारी संध्याकाळी मीनाक्षीचं दर्शन, जेवण, आणि मध्यरात्रीनंतर लगेच बस. हे असं का, तर रामेश्वरला पहाटे पाचच्या सुमारास मणिदर्शन असतं, स्फटिकाच्या लिंगाचं, ते तासाभरात संपतं. मदुराई ते रामेश्वर एकशे सत्तर किलोमीटरच्या आसपास, मोठ्या बसला साडेतीन-चार तास लागतात, त्यामुळे साडेबाराला निघालं तरच ते गाठता येतं. एजंटच्या बाजूने हिशेब अगदी बरोबर.

पण आपल्याकडे सत्तरीचा माणूस "मंगळवारी रात्री साडेबारा" वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात मंगळवारचा दिवस उजाडतो, मावळतो आणि मग रात्र येते. आपला वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळात बारा वाजले म्हणून नाही. त्यात त्याच पत्रकात वरच्या तक्त्यात "मुक्काम: रविवार, सोमवार - मदुराई" असं छापलेलं. मग काय, निम्मे लोक सोमवारी रात्री गोळ्या घेऊन, कवळी पाण्यात ठेवून निवांत झोपले. बाराला दारं वाजवून उठवावं लागलं, एका आजोबांची झोपेची गोळी झालेली होती त्यांना अक्षरशः धरून बसमध्ये बसवलं, आणि एक पिशवी बाथरूममध्येच राहिली ज्यात इन्सुलिन होतं.

दुसरी अडचण कपड्यांची. पत्रकात सगळ्या देवळांसाठी मिळून एकच ओळ होती, "पारंपरिक पोशाख अनिवार्य". आता पारंपरिक म्हणजे कुणाचं पारंपरिक? आपल्याकडच्या आजोबांनी स्वच्छ पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्याला टोपी असं घातलं, यापेक्षा पारंपरिक काय असणार. तिरुअनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात मात्र पुरुषांना कमरेला लुंगीसारखं मुंडू किंवा धोतर आणि वर काही नाही, बनियनसुद्धा नाही. पायजमा चालत नाही. दारात उभं राहून हे कळलं, मग बाहेरच्या दुकानातून मुंडू घ्या, ते नेसायचं कसं ते विचारा, शर्ट कुठे ठेवायचा, आणि चारचौघात अंग उघडं करायचं म्हटल्यावर जी कुचंबणा होते ती वेगळीच. बायपासची खूण छातीवर असलेले एक गृहस्थ तर आत गेलेच नाहीत.

तिसरी राहण्याची. "ट्रिपल शेअरिंग"चं "तिघांत एक खोली" असं केलं होतं. बरोबरच आहे, फक्त तिसरा माणूस जमिनीवरच्या गादीवर झोपणार हे त्यात कुठेच नव्हतं. गुडघे गेलेल्या माणसाला जमिनीवरून उठता येत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ, ओळीला ओळ भाषांतर नीट करायचं. स्वस्त, लवकर होणारं, आणि एजंटच्या पत्रकाशी ताडून बघता येतं, उद्या वाद झाला तर टूरवाल्याला ते बरं. टूरवाल्याचा कल इकडेच होता. माझं म्हणणं असं की आदल्या वर्षीचं तेच तर होतं, मग परत पैसे कशाला घालवता.

दुसरा पर्याय, कागद ठेवायचाच नाही, टूर मॅनेजर रोज रात्री तोंडी सांगेल. बरेच टूरवाले हेच करतात आणि खरं सांगायचं तर पन्नाशीच्या ग्रुपला हे पुरतं. इथे अडचण अशी की मॅनेजर एक, कमी ऐकू येणारे सात-आठ, आणि बसमध्ये इंजिनाचा आवाज. शिवाय घरच्यांनाही कागद हवा असतो, मुलगा पुण्यात किंवा अमेरिकेत असतो त्याला आई आज कुठे आहे हे बघायचं असतं.

तिसरा पर्याय, दोन वेगळे कागद. घरच्यांसाठी आणि हिशेबासाठी मूळ पत्रकाचं ओळीला ओळ मराठी, आणि यात्रेकरूंच्या हातात रोजचं एक पान, ज्यात फक्त त्या दिवशी काय करायचं, काय घालायचं, काय जवळ ठेवायचं. हे मोठ्याने वाचून दाखवायला सोपं असं लिहायचं, म्हणजे तक्ता नाही, चौकटी नाहीत. तक्ता मोठ्याने वाचता येत नाही, कुणाच्या हे लक्षातच येत नाही.

शेवटी तिसरा घेतला. खर्च वाढला, तो टूरवाल्याने कुरकुर करत दिला.

काय केलं

लिहायला बसण्याआधी एजंटला प्रश्नांची यादी पाठवली, कारण मूळ पत्रकच अर्ध्या ठिकाणी मोघम होतं आणि मोघम मजकूर मराठीत आणला की मोघमच राहतो. तिसरा पलंग आहे का गादी? लिफ्ट आहे का, नसेल तर कुठल्या मजल्यावर? संडास कमोड का भारतीय? "फ्रेश-अप" लिहिलंय तिथे खोली मिळणार का नुसतं आंघोळीपुरतं, आणि किती जणांत एक? बस देवळापासून किती लांब थांबणार? रात्रीच्या प्रवासात थांबा कुठे?

उत्तरं फार उपयोगी निघाली. रामेश्वरला "फ्रेश-अप" म्हणजे पाच जणांत एक खोली, फक्त सकाळी चार ते दुपारी बारा. मोठी बस देवळाजवळ जाणारच नव्हती, तिथून रिक्षा करायच्या होत्या, म्हणजे बसच्या डिकीतलं सामान त्या वेळी हाताशी नसणार. हे माहीत नसतं तर कपड्यांची सूचना कितीही छान लिहिली असती तरी वाया गेली असती. लॉजच्या तिसऱ्या गादीबद्दल टूरवाल्याने आधीच भांडून सहा जादा पलंग मिळवले, उरलेल्या गाद्यांवर कोण झोपणार ते सांगलीतच ठरलं.

मग वेळा. इथे आम्ही एक नियम केला की घड्याळाचा आकडा एकटा कधीच लिहायचा नाही, आधी पहाट-सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र, मग अक्षरी वेळ. आणि मध्यरात्रीनंतरची कुठलीही गोष्ट आदल्या दिवसाच्या पानावरच टाकायची. ती मदुराईची ओळ शेवटी अशी झाली:

"सोमवार. आज रात्री झोपायचं नाही, बसमध्ये झोपायचंय. रात्री नऊला जेवण. जेवण झालं की खोलीतलं सगळं सामान भरायचं, बाथरूम परत एकदा बघायची. झोपेची गोळी बसमध्ये बसल्यावरच घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरांना घरूनच विचारून यायचं. रात्री साडेअकराला सामान घेऊन खाली यायचं. बस रात्री साडेबाराला सुटेल, तेव्हा तारीख मंगळवारची लागलेली असेल पण आपल्यासाठी ही सोमवारचीच रात्र. पहाटे चारच्या सुमाराला रामेश्वर."

टूरवाल्याला ही ओळ फार लांब वाटली, "एवढं पुराण कशाला" म्हणाला. मी त्याला ती मोठ्याने वाचायला लावली, अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

"मुक्काम" हा शब्द फक्त जिथे रात्रभर पलंग मिळणार तिथेच ठेवला. सोमवारपुढचा मदुराईचा मुक्काम काढून टाकला, जरी हॉटेलच्या बिलात तो धरलेला होता. एजंटला ते पटेना कारण पैसे घेतलेत, मग मुक्काम लिहायलाच पाहिजे. घरच्यांच्या पत्रकात तो तसाच राहिला आणि रोजच्या पानातून गेला. दोन कागद करायचा खरा फायदा इथे दिसला.

रामेश्वरचं पान सगळ्यात जास्त वेळा बदललं. तिथे क्रम महत्त्वाचा आहे. पहाटे कोरड्या कपड्यात मणिदर्शन, मग समोरच अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस कुंडांचं स्नान, ते बादलीने डोक्यावर पाणी ओततात, मग कपडे बदलून मुख्य दर्शन. ओल्या कपड्यांनी मुख्य दर्शनाला जाता येत नाही. मूळ पत्रकात ही शेवटची गोष्ट पाचव्या पानावर "इतर सूचना"त होती आणि स्नान दुसऱ्या पानावर. मी ती स्नानाच्या आधी, आदल्या रात्रीच्या बॅग भरण्यात आणली. "सामान" या एका शब्दाऐवजी तीन नावं ठरवली आणि सगळीकडे तीच वापरली: डिकीची बॅग, सीटवरची पिशवी, देवळाची पिशवी. रामेश्वरसाठी देवळाच्या पिशवीत कोरडा जोड, टॉवेल आणि ओल्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी. बायकांसाठी आणखी एक वाक्य, की कुंडांना जाताना हलकी सुती गडद रंगाची साडी, शक्यतो पाचवारी, कारण नऊवारी भिजली की इतकी जड होते की त्या लांबच लांब दगडी ओवऱ्यांतून, ओल्या फरशीवरून चालणं अवघड. आणि ज्यांना झेपत नाही त्यांनी पाणी नुसतं अंगावर शिंपडून घेतलं तरी चालेल, हे वाक्य ग्रुपमधल्या एका गुरुजींना विचारून टाकलं, माझ्या मनाने नाही.

कपड्यांचे नियम देवळावार लिहिले. इथे निर्णयाचा मुद्दा दोनदा आला.

पहिला, पुरुषांच्या उघड्या अंगाचा. "शर्ट काढावा लागेल" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला तो अपमान वाटतो, तपासणी असल्यासारखा. पण ग्रुपमधल्या बहुतेकांनी वेरूळला घृष्णेश्वर केलेलं होतं, आणि तिथे गाभाऱ्यात जाताना पुरुष वरचे कपडे काढूनच जातात. मग तसंच लिहिलं: "वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुष जसे उघड्या अंगाने जातात, तसंच इथे पूर्ण देवळात. कमरेला धोतर किंवा मुंडू लुंगीसारखं नेसायचं, पायजमा-पँट नाही, बनियन नाही." कन्याकुमारीच्या भगवती अम्मन मंदिरात आणि सुचींद्रमलाही पुरुषांना वरचे कपडे काढावे लागतात, त्यामुळे तो सगळा दिवसच "धोतर नेसूनच बसमध्ये बसा" असा केला. मुंडू नेसायला सांगलीतच एका संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं, हसत-खिदळत झालं ते.

दुसरा मुद्दा बायकांचा आणि जास्त नाजूक. एजंटच्या पत्रकात पद्मनाभस्वामीसाठी "साडी किंवा चुडीदार" होतं. २०१६ साली तिथे चुडीदारला परवानगी दिली गेली होती आणि काही दिवसांतच केरळ हायकोर्टाने ती थांबवली. पत्रकातली ओळ बहुधा त्या मधल्या दिवसांतल्या कुठल्या तरी बातमीवरून आलेली. आता भाषांतर करणाऱ्याने काय करायचं, मूळात आहे ते लिहायचं का बरोबर ते? मी मूळ बदललं नाही, एजंटला फोन करून त्याच्याकडून बदलून घेतलं आणि मग "साडीच. नऊवारी चालते. चुडीदार असेल तर वरून मुंडू गुंडाळावं लागतं" असं लिहिलं. फोन करायचं कारण साधं आहे, उद्या दारात काही झालं तर टूर मॅनेजर एजंटच्या माणसाशी बोलणार, आणि दोघांच्या हातात वेगवेगळं लिहिलेलं असेल तर तो काय बोलणार.

मोबाईलचं पण असंच. तमिळनाडूतल्या देवळांत मोबाईल नेऊ देऊ नयेत असा मद्रास हायकोर्टाचा २०२२ चा आदेश आहे, मदुराईला आणि रामेश्वरला फोन बाहेर जमा करावा लागतो. पत्रकात नुसतं "मोबाईलला बंदी" होतं. तरुणाला तेवढं पुरतं, पण आजी देवळात चुकली आणि फोन बाहेर जमा, तर काय? म्हणून एक कार्ड केलं, जाड कागदाचं, गळ्यात अडकवायला भोक पाडलेलं. एका बाजूला मराठीत नाव, मॅनेजरचा नंबर, आणि "चुकलात तर ज्या दाराने आत गेलात त्या दाराशी येऊन बसा, हिंडू नका". मीनाक्षीच्या देवळाला चार दिशांना चार मोठी गोपुरं आहेत आणि नवख्याला सगळी सारखीच दिसतात, म्हणून दाराचं नाव रोज कार्डावर पेनाने लिहायला रिकामी जागा. दुसऱ्या बाजूला हॉटेलचा पत्ता तमिळमध्ये, एजंटकडून लिहून घेतलेला, कारण तो यात्रेकरूने वाचायचा नाही, रिक्षावाल्याने वाचायचाय.

छापण्याआधी ग्रुपमधल्या एका काकूंकडून पानं मोठ्याने वाचून घेतली आणि त्यांच्या सासूबाईंनी ऐकली. वाचून झालं की सासूबाईंना विचारायचं, "उद्या सकाळी काय नेसाल? कुठली पिशवी घ्याल?" दोन ठिकाणी त्यांनी भलतंच सांगितलं, तिथे वाक्यं मोडून लहान केली. माझ्या मते भाषांतर तपासायची हीच खरी पद्धत, दुसऱ्या भाषांतरकाराला दाखवून काही होत नाही, तो शुद्धलेखन काढत बसतो.

काय झालं

मदुराईला रात्री साडेअकराला सगळे खाली हजर होते, काही तर अकरालाच येऊन बसलेले. मणिदर्शन मिळालं. रामेश्वरला कोरडे कपडे सगळ्यांकडे होते. पद्मनाभस्वामीच्या दारात कपड्यांवरून कुणालाही थांबवलं नाही. एक आजोबा शर्ट काढायला तयार नव्हतेच, पण ते त्यांनी सांगलीतच सांगून टाकलं होतं, त्यामुळे तिथे दारात वाद न होता ते सरळ सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बाहेर बसले.

जे बिघडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कन्याकुमारीहून सकाळी निघायला उशीर झाला, विवेकानंद शिलेच्या बोटीच्या रांगेत वेळ गेला, मग सुचींद्रम, मग रस्त्यात ट्रॅफिक. कन्याकुमारी ते तिरुअनंतपुरम नव्वदेक किलोमीटरच आहे पण सगळी गावं लागून-लागून, अडीच-तीन तास जातात. पद्मनाभस्वामीचं दर्शन दिवसभर सलग नसतं, थोडा थोडा वेळ उघडतं आणि मध्ये बंद. बस पोचेपर्यंत दुपारचं दर्शन बंद झालं, आता थेट संध्याकाळी पाचला. धोतर नेसून तयार बसलेली माणसं चार-पाच तास ताटकळली, आणि सगळ्यांच्या हातातल्या पानावर "सकाळी अकरा, दर्शन" असं ठळक छापलेलं. मॅनेजरवर लोक चिडले, "कागदावर तर अकरा लिहिलंय" म्हणून. कागदावर विश्वास बसला होता त्याचीच ही दुसरी बाजू म्हणायची.

आणखी एक, अक्षर मोठं घेतल्यामुळे गठ्ठा जाड झाला. बऱ्याच जणांनी तो डिकीच्या बॅगेत टाकला आणि प्रत्यक्षात वापरलं गेलं ते गळ्यातलं कार्ड आणि काकूंनी रोज रात्री जेवताना केलेलं वाचन.

पुढच्या वेळी काय बदललं

रोजच्या पानावरच्या वेळा दोन प्रकारच्या असतात हे वेगळं दाखवायला हवं होतं. देवाची वेळ कुणासाठी थांबत नाही, गाडीची वेळ पुढेमागे होते. नव्या मसुद्यात देवळाच्या वेळा "दार अमुक वाजता बंद होतं, परत अमुक वाजता उघडतं" अशा लिहिल्यात आणि बसच्या वेळांना "सुमाराला" लावलंय. तिरुअनंतपुरमच्या पानावर तर सरळ दोन शक्यता आहेत, दुपारी बाराच्या आत पोचलो तर हे, नाही पोचलो तर आधी हॉटेल, जेवण, आराम, आणि धोतर संध्याकाळी चारला नेसा. टूरवाला म्हणतो की उशीर होणार असं आधीच छापलं तर बुकिंगवर परिणाम होईल. त्यामुळे ती दुसरी शक्यता सध्या घरच्यांच्या पत्रकात नाही, फक्त रोजच्या पानात आहे, आणि रोजचं पान टूर सुरू झाल्यावरच मिळतं. मला हे पटलेलं नाही.

गठ्ठ्याऐवजी आता पान रोज रात्री जेवताना एक-एक वाटायचं, आणि एका टेबलाला एकच. वाचून दाखवणारी काकू प्रत्येक बसमध्ये मिळेलच असं नाही, म्हणून बुकिंगच्या फॉर्मवरच एक रकाना टाकलाय, मोठ्याने वाचून दाखवाल का, हो किंवा नाही. पहिल्या आठ फॉर्ममध्ये पाच हो आलेत, त्यातले तिघं निवृत्त शिक्षक.